एक-चौदावर नाव असलं म्हणजे मालकी नव्हे: मोठ्या खात्यांवरच्या कॉमेंटमधून गोव्यातल्या वकिलाकडे काम कसं येतं

बार्देश, पेडणे आणि तिसवाडीतल्या घर-जमिनीच्या व्यवहारांची कागदपत्रं तपासणं हे आमचं काम. हे काम देणारा माणूस बहुतेक वेळा गोव्यात राहत नसतो. तो मुंबई, पुणे, बेळगाव किंवा दुबईत असतो आणि वकिलाकडे येण्याआधी महिनोन्महिने वाचत असतो. वाचतो मात्र वकिलांचं नाही. जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या वास्तुविशारदाचं खातं, परदेशस्थांच्या करावर लिहिणाऱ्या सनदी लेखापालाचं खातं, मुंबई सोडून गोव्यात स्थायिक होण्याविषयीची पानं, असं तो वाचतो. आपण स्वतःच्या खात्यावर कितीही चांगलं लिहिलं तरी ते बारमधल्या मित्रांना आणि नातेवाइकांना दिसतं. म्हणून आम्ही लिहिण्याचा बराचसा वेळ लिंक्डइनवर दुसऱ्यांच्या पोस्टखाली घालवतो. गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं असतं.

यात पहिली गोष्ट कायद्याची, कारण इथे घसरलं तर सनदेवर येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. त्यात परिपत्रकं आणि दलाल आहेतच, पण ओळख नसलेल्या माणसाशी काम मिळवण्यासाठी केलेला वैयक्तिक संपर्कही आहे, आणि आपण चालवत असलेल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रात मजकूर येईल अशी व्यवस्था करणंही आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं द्यायची मुभा दिली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करायला परिषदेला सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये परिषदेने समाजमाध्यमांवरच्या वकिली जाहिरातींविरुद्ध पत्रक काढलं. स्वतःला ‘कायदा सल्लागार’ म्हणवून घेतल्याने सुटका होत नाही. नाव बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवामध्ये नोंदलेलं असेल तर नियम लागू आहे. नोंदलेलं नसेल तर प्रश्न आणखी मोठा, कारण २०१८ च्या ए. के. बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाबाहेरचं सल्ल्याचं कामही वकिलीतच धरलं आहे.

याचा कॉमेंटपुरता अर्थ आम्ही असा लावतो. कायदा काय आहे ते सांगता येतं, वाचणाऱ्याने काय तपासावं तेही सांगता येतं. ‘संपर्क साधा’, ‘पहिला सल्ला मोफत’, फोन नंबर, जिंकलेल्या प्रकरणांचे दाखले, यातलं काहीही नाही. कुणी पोस्टखाली लिहिलं की ‘आम्ही आसगावात घर बघतोय’, तर त्याला आपणहून वैयक्तिक संदेश पाठवायचा नाही. ही मर्यादा पाळून कॉमेंट अधिक चांगली होते असा आमचा अनुभव आहे, कारण शेवटच्या ओळीत काही मागायचं नसलं की सगळा मजकूर वाचकाच्या कामाचा ठेवावा लागतो.

दुसरी तयारी नावाखालच्या ओळीची. लिंक्डइनवर कॉमेंटच्या वर नाव, छोटा फोटो आणि तुमच्या परिचयाच्या ओळीची फक्त सुरुवात दिसते. बाकीचं कापलं जातं. ‘ॲडव्होकेट, बी.ए. एलएल.बी., डिप्लोमा इन…’ असं लिहिलं असेल तर वाचकाला दिसतं ते एवढंच की कुणीतरी वकील आहे. आम्ही कामाचं क्षेत्र पुढे आणतो: ‘गोव्यातील घर-जमिनीची कागदपत्रं | वकील, म्हापसा’. विशेषणं नाहीत. कॉमेंट वाचून कुणी नावावर बोट ठेवलंच, तर आत नोंदणी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि ई-मेल असावा. परिषदेने संकेतस्थळाला दिलेली यादी आम्ही इथेही मापदंड म्हणून धरतो. फोन नंबर फक्त या पानावर असतो, कॉमेंटमध्ये कधीच नाही.

खाती निवडताना अनुयायांचा आकडा सर्वांत शेवटी बघायचा. आधी त्या खात्याच्या अलीकडच्या आठ-दहा पोस्टींखालचे लोक वाचायचे. तिथे प्रश्न विचारणारे कोण आहेत? ‘किती खर्च आला’, ‘बँक कर्ज देते का’, ‘माझ्या सासऱ्यांचं घर आहे’ असं विचारणारे असतील तर खातं आपल्या कामाचं. ‘उत्तम विश्लेषण, सर’ असं म्हणणारे दहा वकील असतील तर तिथे लिहून व्यवसायातली ओळख वाढेल, काम येणार नाही. त्यानंतर बघायचं की खातं चालवणारा स्वतः उत्तरं देतो का. तो देत असेल तर त्याच्या उत्तरामुळे आपली कॉमेंट वर राहते आणि पुन्हा वाचली जाते. लाखो अनुयायी असलेल्या पानावर तासाभरात शेकडो कॉमेंट येतात आणि नेमका मुद्दा बुडतो. वीस हजार ते लाखभर अनुयायी, पोस्टखाली वीस-पन्नास कॉमेंट, आणि लेखक बोलणारा, अशी दहा-बारा खाती आम्हाला पुरेशी वाटतात. त्यापेक्षा जास्त झाली की वाचन उथळ होतं.

आता एक पोस्ट घेऊन सगळं नीट बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी पोस्ट गोव्याच्या घरांवर लिहिणाऱ्या कोणत्याही मोठ्या खात्यावर भेटते. वास्तुविशारदाने लिहिलंय, ‘बार्देशातलं जुनं घर घेण्याआधी काय बघाल?’ बाकीचे मुद्दे चांगले आहेत: मातीच्या भिंतीत चढणारी ओल, छपराच्या वाशांना लागलेली वाळवी, विहिरीचा हक्क. तिसरा मुद्दा मात्र एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या सातबारासारख्या जमिनीच्या उताऱ्याचा, तो असा: ‘एक-चौदाच्या उताऱ्यावर विक्रेत्याचं नाव आहे का बघा. असेल तर मालकी स्पष्ट आहे.’

इथे लिहायचं, कारण हे एक वाक्य कुणाला तरी टोकनची रक्कम घालवायला लावू शकतं. पुण्याचा वाचक मनात सातबारा आणि हिंदू वारसा कायदा घेऊन हे वाचतो. गोव्यात तो कायदा लागू नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट आहे आणि वारसाहक्कासाठी तिची जागा आता राज्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे. पण लग्न झालं की दोघांची मालमत्ता एक होते, विवाहपूर्व करार करून वेगळं ठरवलं नसेल तर, हे मूळ तत्त्व कायम आहे. वारशाने आलेली मालमत्ताही त्यात येते.

माहीतगार माणसाच्या हातून पहिल्या झटक्यात येणारी कॉमेंट साधारण अशी असते:

‘सर, एक-चौदा हे टायटल डॉक्युमेंट नाही. गोवा भू-महसूल संहितेच्या कलम १०५ खाली ते केवळ खंडनीय गृहीतक आहे. तसेच गोव्यात कम्युनियन ऑफ ॲसेट्स असल्याने मॉयटी होल्डरची संमती आवश्यक असते. योग्य कायदेशीर सल्ला घ्यावा.’

यात एकही वाक्य चूक नाही, तरी वाचणाऱ्याला यातून काही करता येत नाही. खंडनीय गृहीतक म्हणजे काय, मॉयटी होल्डर कोण, हे त्याला ठाऊक नाही. पहिलं वाक्य लेखकाला खोटं पाडतं, शेवटचं वाक्य वाचकाला पळवून लावतं. आणि ‘सल्ला घ्यावा’ हे वकिलाने म्हटलं की ते काम मागितल्यासारखंच वाचलं जातं. खरडा करायला हरकत नाही. तो तसाच टाकायचा मात्र नाही.

आम्ही टाकू ती कॉमेंट अशी:

‘तिसऱ्या मुद्द्यात एक भर: एक-चौदावर एकच नाव असलं तरी घर विकताना नऊ सह्या लागू शकतात.

उदाहरण घ्या. मूळ गोव्याचं कुटुंब, वडील वारले, आई आहे, चार मुलं, चौघांची लग्नं झालेली. मृत्युपत्र नाही, विवाहपूर्व करार नाहीत, वाटणी झालेली नाही. अर्धं घर आईचं स्वतःचं. उरलेल्या अर्ध्यातून प्रत्येक मुलाला पूर्ण घराचा एक अष्टमांश, आणि तोही नवरा-बायकोत निम्मा-निम्मा. म्हणजे आई, चार मुलं आणि चार सुना-जावई. मुलींचा वाटा मुलांएवढाच.

उताऱ्यावर बऱ्याचदा थोरल्याचंच नाव असतं, कारण ती सर्व्हेची नोंद आहे, मालकीचा दस्त नाही.

टोकन देण्याआधी विक्रेत्याकडे वारस ठरवणारा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातल्या वाटणीचा, आदेश मागा, आणि त्यातली नावं विक्री-करारातल्या नावांशी जुळवा. कुटुंब मूळचं गोव्याचं नसेल तर हिशोब वेगळा होऊ शकतो.

भिंतीतल्या ओलीचा मुद्दा पावसाळ्यात घर बघणाऱ्यांनी खरोखर लक्षात ठेवावा.’

ही बांधणी अशी का, ते सांगायला हवं. पहिल्या काही ओळींनंतर कॉमेंट दुमडली जाते आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून ‘नऊ सह्या’ पहिल्याच ओळीत. कौतुक आधी घातलं तर दिसणाऱ्या ओळी त्यातच खर्ची पडतात, म्हणून ते शेवटी, आणि तेही नेमक्या मुद्द्याचं. ‘भर’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. लेखक चुकलाय हे वाचकाला हिशोबावरून कळतंच, पण लेखकाला ‘हो, हे महत्त्वाचं, मूळ मजकुरात घालतो’ असं म्हणायची वाट मोकळी राहते. तो तसं म्हणाला तर कॉमेंटचं वजन कितीतरी वाढतं. त्याला कोपऱ्यात गाठलं तर तो गप्प बसतो किंवा वाद घालतो, आणि त्याचे अनुयायी त्याच्या बाजूने उभे राहतात. खातं त्याचं आहे, आपण पाहुणे आहोत.

कलमाचा आकडा काढून टाकला, हिशोब ठेवला. आमच्या मते या कॉमेंटचा जीव त्या हिशोबात आहे. एक अष्टमांश कसा आला हे वाचक स्वतः करून बघू शकतो आणि आपल्या समोरच्या कुटुंबाला लावू शकतो. आई वारली असेल तर? मग पूर्ण घर चार मुलांत, प्रत्येक जोडप्याकडे एक चतुर्थांश, आणि सह्या आठ. असा प्रश्न पोस्टखाली आपोआप येतो आणि तो विचारणारा माणूस बहुधा खरोखर घर बघत असतो.

‘कुटुंब मूळचं गोव्याचं नसेल तर’ हे अट घालणारं वाक्य कधीही गाळायचं नाही. लग्न महाराष्ट्रात झालेल्या, नंतर पर्वरीत फ्लॅट घेतलेल्या विक्रेत्याला वरचा हिशोब डोळे झाकून लावला तर तो चुकेल. मृत्युपत्र असेल तर वारलेला माणूस आपल्या हिश्श्यातला काही भाग वेगळ्या माणसाला देऊन गेलेला असू शकतो. कुठे लागू नाही हे सांगितलेली कॉमेंट दुसरा वकील वाचतो तेव्हा त्याला खोडायला काही सापडत नाही, आणि दुसरा वकील हमखास वाचतो.

लांबीबद्दल. लिंक्डइनवर एका कॉमेंटची मर्यादा १,२५० अक्षरचिन्हांची आहे. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी चिन्हं मोजणीत धरली जातात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा जागा लवकर संपते. वरची कॉमेंट मर्यादेच्या आत बसते. आणखी मुद्दे घालत गेलो असतो तर तुटली असती. विहिरीचा हक्क, मुंडकाराचं घर, झोनिंग, हे सगळं त्या पोस्टखाली सुचतं. ते सोडून द्यायचं. एका पोस्टखाली एकच गोष्ट.

वेळेचं गणित सगळेच सांगतात की पहिल्या तासात लिहा. लेखक तेव्हा उत्तरं देत असतो, हे खरं आहे. पण कायद्याच्या कॉमेंटला तो नियम जसाच्या तसा लावू नये. कलम, निकाल किंवा तारीख येत असेल तर मूळ कागद उघडून बघितल्याशिवाय टाकायचं नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. उशिरा आलेली नेमकी कॉमेंट वर जाऊ शकते. लगेच टाकलेली चुकीची कॉमेंट मात्र स्क्रीनशॉटमध्ये राहते. नगरनियोजन कायद्याचं कलम १७(२) घ्या. २०२३ साली ते आलं आणि ‘आराखड्यातली चूक दुरुस्त’ या नावाखाली भूखंडांचे झोन बदलायला लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. त्या दोन तारखांच्या मधे लिहिलेलं कुणीतरी आजही शोधून वाचतो. म्हणून बदलत्या विषयावर लिहिताना आम्ही कॉमेंटमध्येच ‘आजच्या तारखेला’ असं लिहून तारीख टाकतो. वारशाच्या हिशोबाला ती गरज कमी आहे. नवशिक्याने अशाच स्थिर विषयांपासून सुरुवात करावी.

खरं काम कॉमेंट टाकल्यानंतर सुरू होतं. खाली येणारी उत्तरं साधारण तीन प्रकारची असतात आणि तिन्हींना वेगळं वागवावं लागतं.

एक असा: ‘माझ्या मेव्हण्याने फक्त एक-चौदा बघून शिवोलीत घर घेतलं, दहा वर्षं झाली, काही झालं नाही.’ याला एकदाच आणि शांतपणे उत्तर द्यायचं. विक्रेता खरोखर एकटाच मालक असेल तर काहीच होणार नाही, आणि नसेल तर बहुधा ते पुन्हा विकताना किंवा बँकेकडे गहाण ठेवताना कळतं, कारण तेव्हा पुढचा वकील जुने कागद उघडतो. एवढं म्हणून थांबायचं. दुसऱ्यांदा तोच माणूस आला तर उत्तर नाही. वाचणारे इतर लोक तेवढ्यात समजून घेतात.

दुसरा प्रश्न खरा आणि नाजूक: ‘आमच्या विक्रेत्याने तिन्ही भावांची संमती आणली आहे, बहिणी परदेशात आहेत. सर्व्हे नंबर अमुक, गाव हळदोणा. चालेल का?’ इथे पहिलं वाक्य मदतीचं नसून सावधगिरीचं हवं: ‘कृपया सर्व्हे नंबर काढून टाका.’ जाहीर कॉमेंटला वकील-पक्षकार गोपनीयता नसते. विक्रेता, दलाल आणि त्या परदेशातल्या बहिणींपैकी कुणीही ते वाचू शकतं. मग फक्त सामान्य कायदा: मुलगी परदेशात असली म्हणून तिचा हिस्सा जात नाही, ती तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्रावर सही करू शकते, आणि तिच्या नवऱ्याचीही सही लागते का हे त्यांच्या विवाहाच्या नोंदीवरून ठरतं. ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ हे दोन्ही शब्द लिहायचे नाहीत. कागद न बघता दिलेला तो निर्णय होतो आणि समोरचा त्यावर पैसे देतो.

अशा वेळी आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते, ती गोव्यात जास्तच. प्रश्न विचारणारा खरेदीदारच आहे याची खात्री नसते. तो विक्रेत्याचा भाऊ असू शकतो. नियम ३३ नुसार एखाद्या प्रकरणात ज्याला आपण सल्ला दिला त्याच्या विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. पोस्टखाली तपशिलात सल्ला दिला आणि महिन्याभराने त्याच घराचा खरेदीदार कार्यालयात आला, तर आपणच स्वतःला अडकवलेलं असतं. गाव छोटं, कुटुंबं तीच. म्हणून तपशील सुरू झाला की जाहीर उत्तर तिथेच संपवायचं: ‘यापुढचं कागद बघूनच सांगता येईल, तुमच्या वकिलाला हे दोन प्रश्न विचारा’, आणि ते दोन प्रश्न लिहून द्यायचे. ‘तुमच्या वकिलाला’ म्हणायचं, ‘आम्हाला’ नाही. प्रश्न उपयोगाचे असतील आणि त्याला वकील नसेल तर तो नाव दाबून आत जातो. ती त्याची निवड असते, आपलं आर्जव नसतं.

तिसरा प्रकार म्हणजे कुणीतरी बिल्डरचं किंवा प्रकल्पाचं नाव घेऊन विचारतो, ‘यांचं काम कायदेशीर आहे का?’ इथे नावाला हात लावायचा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे आणि वकिलाच्या तोंडचं वाक्य नेहमी जास्त जड धरलं जातं. प्रकल्प रेरामध्ये नोंदला आहे का हे गोवा रेराच्या संकेतस्थळावर कसं बघायचं, एवढं सांगितलं की पुरे. आपल्याकडे चालू असलेल्या प्रकरणाला दुरूनही लागू पडेल अशा पोस्टखाली तर काहीच लिहायचं नाही. नियम ३६ मधला आपल्याच खटल्यांच्या प्रसिद्धीचा भाग इथे थेट आडवा येतो.

काय बिघडतं ते कॉमेंटच्या खालून लगेच ओळखता येतं. फक्त वकील आणि दलाल ‘अगदी बरोबर’ म्हणत असतील तर भाषा जड झाली आहे किंवा खातं चुकीचं आहे. लोक आवडल्याची खूण करतात पण प्रश्न एकही नाही, तर आपण माहिती दिली पण वाचकाला स्वतःच्या घराशी ती जोडता आली नाही, म्हणजे बहुधा उदाहरण नव्हतं. प्रश्न येतात पण सगळे ‘फी किती’ असे असतील तर नावाखालची ओळ किंवा शेवटचं वाक्य जाहिरातीसारखं वाचलं जातंय. आणि लेखक सगळ्यांना उत्तर देतो, आपल्याला मात्र देत नाही, असं सलग होत असेल तर आपल्या सुरात त्याला दुरुस्ती ऐकू येते. मग काही दिवस त्या खात्यावर फक्त वाचायचं.

एकच तयार मजकूर पाच खात्यांवर चिकटवणं हा सगळ्यात घातक प्रकार. माध्यमाची यंत्रणा त्याला कचरा समजू शकते हे झालंच, पण या विषयाचं वर्तुळ लहान आहे. गोव्यात घर घेऊ पाहणारा माणूस ती पाचही खाती वाचतो आणि दुसऱ्यांदा तोच परिच्छेद दिसला की पहिल्यावरचाही विश्वास जातो. विषय तोच असू शकतो. परदेशस्थांच्या करावरच्या पोस्टखाली नऊ सह्यांचा मुद्दा वेगळ्या बाजूने येतो: विक्रेत्यांपैकी एक बहीण अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला कर कापण्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून आधी किती विक्रेते आहेत हे कळायला हवं. कराचा दर सांगायचं काम त्या लेखापालाचं. आपण सह्या मोजून द्यायच्या. असं काम वाटून घेतलं की तो लेखापाल पुढे स्वतःच्या पक्षकारांना आपलं नाव सांगतो. आमच्या अंदाजाने कॉमेंटमधून येणाऱ्या कामाचा मोठा भाग असा आडवाटेने येतो, वाचकाकडून थेट नाही.

परिणाम मोजायला आम्ही एक साधी वही ठेवतो: तारीख, खातं, पोस्टचा विषय, आपण घातलेला मुद्दा, आणि खाली आलेले प्रश्न. लिंक्डइन कॉमेंट किती वेळा दिसली तो आकडा दाखवतं, पण तो आम्ही लिहीत नाही, त्यावरून काही ठरवता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक नव्या पक्षकाराला पहिल्या भेटीत विचारतो की नाव कुठून कळलं, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवतो. ‘ते नऊ सह्यांचं वाचलं होतं’ असं कुणी म्हणतो तेव्हा कोणता मुद्दा लक्षात राहिला ते कळतं. घाई करून उपयोग नाही. घर बघणं आणि टोकन देणं यात बरेचदा एक अख्खा पावसाळा जातो, त्यामुळे जूनमधल्या कॉमेंटचं काम डिसेंबरात उगवू शकतं. चार महिन्यांत काही आलं नाही म्हणून खातं सोडणं चूक. चार महिन्यांत एकही नेमका प्रश्न आला नाही तर मात्र सोडावं. वहीतला प्रश्नांचा रकाना दुहेरी कामाचा आहे: पुढच्या कॉमेंटचे विषय त्यातूनच मिळतात.

शेवटी पहिला संदेश येतो तेव्हाचं. बहुधा तो रात्री येतो आणि सोबत विक्री-कराराचा फोटो जोडलेला असतो. फोटो उघडायच्या आधी उत्तर द्यायचं. उत्तर ठरलेलं असावं: ‘कागद आत्ता पाठवू नका. आधी फक्त गाव आणि विक्रेत्यांची व दलालाची नावं कळवा, आम्ही त्यांच्यापैकी कुणाचं काम केलेलं नाही हे तपासून सांगतो.’ नावं जुन्या फायलींशी पडताळून बघायची. अडचण असेल तर कारण न सांगता नकार, कारण ‘आम्ही तुमच्या विक्रेत्याचे वकील आहोत’ हेही त्या विक्रेत्याची माहिती उघड करणं होतं. अडचण नसेल तर कामाची व्याप्ती आणि फी लेखी: कोणते कागद बघणार, किती वर्षं मागे जाणार, जुन्या पोर्तुगीज नोंदींचं भाषांतर त्यात धरलं आहे का, अहवाल किती दिवसांत. त्यावर त्याचा होकार ई-मेलने आला की मग कागद मागवायचे. आणि तोपर्यंत टोकन दिलेलं नसेल तर ते थांबवायला सांगायचं.